घडी मोडली की फोटो मागा : ग्राहकांचे फोटो आणि त्यांची परवानगी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी सरळ केली आहेत.)

मागच्या भागात आपण साडीचे फोटो घरच्या घरी कसे काढायचे ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला. "आमचे फोटो ठीक येतात, पण गिऱ्हाईक म्हणतं, नेसल्यावर कशी दिसते ते दाखवा. मग आधी घेतलेल्या बायकांचे फोटो टाकले तर चालतील का?"

चालतील. पण त्याआधी दोन गोष्टी जमवाव्या लागतात. एक, फोटो त्यांच्याकडून आपणहून यायला हवेत. दोन, आलेला फोटो वापरायची परवानगी वेगळी घ्यायला हवी. फोटो पाठवणं आणि वापरायला देणं, या दोन गोष्टी एक नाहीत. आजचा सगळा भाग या एका वाक्याभोवती आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. समजा, एक ताई सांगलीत घरातून इरकल आणि नारायणपेठ साड्या विकतात. दुकान नाही. इन्स्टाग्रामचं पान आहे, छोटी वेबसाइट आहे आणि व्हॉट्सअॅपवर रोजचा व्यवहार. गौरी-गणपतीच्या आधीच्या महिन्यात त्यांच्या पंचवीस साड्या गेल्या. या पंचवीस साड्यांचं पुढे काय होतं, ते आपण शेवटपर्यंत बघू.

कधी मागायचा?

बहुतेक जण पार्सल पोचलं की लगेच मेसेज करतात, "साडी आवडली का? फोटो पाठवा ना!" आणि मग घडी घातलेल्या साडीचा, प्लास्टिकच्या पिशवीसकट, पलंगावर ठेवलेला फोटो येतो. किंवा काहीच येत नाही. यात गिऱ्हाइकाचा काय दोष? साडी हातात आली म्हणजे नेसली असं नाही. फॉल-पिको व्हायचाय, ब्लाउज शिवायचाय, टेलरकडे सणाची गर्दी आहे. कधीकधी साडी महिनाभर कपाटात असते. फोटो मागायची वेळ पार्सलची नाही, घडी मोडण्याची आहे.

म्हणून आपल्या ताईंनी ऑर्डर घेतानाच एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली. "कधी नेसणार आहात?" हा प्रश्न विचारायला कारणही खरं आहे, कारण त्यावर पार्सल कधी निघायला हवं ते ठरतं. उत्तर वहीत नावापुढे लिहायचं. गौरी जेवणाला, भाचीच्या साखरपुड्याला, किंवा "अजून ठरलं नाही". समजा पंचवीसपैकी चौदा जणींनी दिवस सांगितला. मेसेज फक्त त्या चौदा जणींना, आणि तोही कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कार्यक्रमाच्या दिवशी कोणाला फुरसत नसते. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्या फोनवर फोटोच बघत असतात. एकदा विचारायचं. उत्तर नाही आलं तर विषय संपला.

काय मागायचं?

"फोटो पाठवा" हे फार मोघम झालं. समोरची विचार करते, कसला फोटो, मी चांगली दिसतेय का, केस विस्कटलेत, जाऊ दे. त्यापेक्षा नेमकं मागा. ताईंचा मेसेज साधारण असा असतो :

"काकू, काल गौरीला जांभळी इरकल नेसलात ना? दिवसाउजेडी काढलेला एखादा फोटो असेल तर बघायला आवडेल. पदर आणि निऱ्या दिसल्या तरी पुरे, चेहरा नसला तरी चालेल."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कितीतरी जणींना साडी दाखवायला आवडते, स्वतःला दाखवायला नको असतं. ती वाट तुम्ही आधीच मोकळी केलीत की फोटो येतात. आणि खरं सांगायचं तर घेणाऱ्यांनाही तेच बघायचं असतं. पाच फुटांच्या बाईवर काठ कुठवर येतो, निऱ्या फुगतात का, खिडकीच्या उजेडात जांभळा रंग जांभळाच दिसतो की वांगी दिसतो. स्टुडिओच्या दिव्यात हे कळत नाही.

"दिवसाउजेडी" हा शब्दही उगाच नाही. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यात मोरपिशी रंग हिरवा दिसतो. तसा फोटो तुम्ही लावलात, त्यावरून कोणी साडी मागवली, आणि हातात निळसर आली, की ती परत आलीच म्हणून समजा.

फोटो कसा पाठवायचा, हेही सांगा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो बारीक होऊन येतो, काठाचं विणकाम पुसट होतं. एचडी निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नीट येतो. पण डॉक्युमेंट म्हणून आलेल्या फाइलमध्ये कधीकधी फोटो काढल्याची जागा, म्हणजे घराचा ठावठिकाणा, नोंदलेला असतो. तसाच्या तसा वेबसाइटवर चढवला तर तो कोणालाही वाचता येतो. म्हणून चढवण्याआधी फोनच्या गॅलरीत फोटोची माहिती उघडून ठिकाण काढून टाका.

पाच फोटो, पाच मालक

तर चौदा मेसेज गेले आणि समजा पाच फोटो आले. ताई खूश. पण हे पाच फोटो कोणाचे आहेत, हे एकेक करून बघायला हवं.

पहिला, आरशासमोरचा सेल्फी. काढला तिनंच, दिसतेही तीच. सरळ प्रकरण. तिला विचारलं की झालं.

दुसरा फोटो तिच्या नवऱ्यानं काढलाय. आपल्याकडे कॉपीराइटचा १९५७ चा कायदा आहे. त्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, आणि सर्वसाधारणपणे पहिला हक्क त्याचा. फोटोत कोण आहे किंवा कोणाच्या फोनमध्ये आहे, त्यावर तो ठरत नाही. घरातल्या घरात यावर कोणी भांडत नाही, हे मलाही कळतं. पण "फोटो कोणी काढला, त्यांची हरकत नाही ना?" एवढं विचारायला किती वेळ लागतो?

तिसरा फोटो साखरपुड्याच्या फोटोग्राफरचा. सुंदर उजेड, मागची पार्श्वभूमी धूसर. इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. कोणी म्हणतं, फोटोग्राफरनं काढला म्हणजे त्याचाच. कोणी म्हणतं, पैसे दिले म्हणजे आमचाच. याच कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटलंय की पैसे देऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर वेगळं काही ठरलं नसल्यास पहिला हक्क पैसे देऊन काढून घेणाऱ्याचा. "वेगळं काही ठरलं नसल्यास" हे शब्द सोडू नका. फोटोग्राफरच्या करारात किंवा पावतीवर हक्क त्याच्याकडे ठेवल्याचं लिहिलेलं असू शकतं. शिवाय साखरपुड्याचे पैसे दिले असतील वधूच्या वडिलांनी, आणि फोटो पाठवलाय मावशीनं. म्हणून अशा फोटोला ताईंचा साधा नियम आहे. फोटोग्राफरचा होकार आणि नाव मिळालं तर वापरायचा, नाही तर तिला म्हणायचं, "मोबाइलवर कोणी काढलेला आहे का एखादा?" बहुतेकदा असतोच.

चौथ्या फोटोत साडी नेसलेली बाई, शेजारी जाऊ आणि पुढे दोन लहान मुलं. परवानगी देतेय एक जण, दिसतायत चौघं. जावेला विचारलंय का? मुलांचं काय? वैयक्तिक माहिती जपण्यासाठी आपल्याकडे २०२३ साली जो कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्यांच्यासाठी आईवडिलांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याची मुलं आपल्या विक्रीच्या पानावर का हवीत? साडीपुरता फोटो कापता आला तर कापा. येत नसेल तर सोडून द्या.

पाचव्यात चेहरा नाही. पदर, निऱ्या आणि हातातलं नैवेद्याचं ताट. ताईंना सगळ्यात जास्त उपयोगी हाच पडला. पण चेहरा नाही म्हणून परवानगी नको, असं मात्र नाही. फोटो कोणीतरी काढलेलाच आहे.

फोटो काढणारा आणि फोटोत दिसणारा, या दोघांचं हो वेगवेगळं लागतं, हे पटवणारं एक गाजलेलं उदाहरण आहे. २००७ साली व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीनं फ्लिकर या संकेतस्थळावरचा एका मुलीचा फोटो जाहिरातीत वापरला. फोटो काढणाऱ्यानं तो अशा खुल्या परवान्याखाली ठेवला होता की व्यवसायासाठी वापरला तरी चालेल. म्हणजे त्याचं हो होतं. पण फोटोतली शाळकरी मुलगी अमेरिकेत टेक्सासमध्ये राहणारी, आणि तिला कोणी विचारलंच नव्हतं. वर जाहिरातीतली ओळ तिची टिंगल करणारी. तिच्या घरच्यांनी दावा लावला. पुढे टेक्सासमधल्या न्यायालयानं अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो काढून टाकला, म्हणजे कंपनी बरोबर की चूक यावर निकाल झालाच नाही. पण फोटो काढणाऱ्याच्या परवान्यात फोटोतल्या माणसाचा होकार येत नाही, हे त्या प्रकरणानं जगाला दाखवलं.

टॅग केलं म्हणजे दिलं का?

हा प्रश्न दर वेळी येतो. "तिनं स्वतःच आम्हाला टॅग केलंय, मग घेतला तर काय झालं?"

तिनं स्टोरीत तुम्हाला मेन्शन केलं आणि इन्स्टाग्रामनंच दिलेल्या सोयीनं तुम्ही ती आपल्या स्टोरीत घेतली, तर फोटो तिच्याच खात्याशी जोडलेला राहतो आणि चोवीस तासांत जातो. ती सोय तिच्या सेटिंगवरच चालते. इथवर ठीक. पण त्याच फोटोचा स्क्रीनशॉट काढून तुमच्या पानावर कायमचा लावला, तर ती नवी प्रत झाली. फोटो टाकताना तिनं वापराची मुभा दिली ती इन्स्टाग्रामला, तुम्हाला नाही. खाली "फोटो सौजन्य" लिहिल्यानं परवानगी मिळत नाही. ते फक्त श्रेय झालं.

आणि पान एक, फ्लेक्स दुसरा. माझ्या मावसबहिणीनं एका विक्रेतीला हौसेनं फोटो पाठवला होता आणि इन्स्टाग्रामवर टाकायला होही म्हणाली होती. चार महिन्यांनी तिच्या सासऱ्यांना तो फोटो साड्यांच्या प्रदर्शनाच्या फ्लेक्सवर दिसला, बसस्टँडसमोर, दहा फुटी. घरात दोन दिवस त्यावरून बोलणं झालं. तिचं म्हणणं एवढंच होतं, "मी मोबाइलमधल्या फोटोला हो म्हटलं होतं, चौकातल्या नाही." विक्रेतीनं माफी मागितली, फ्लेक्स उतरवला. पण बहिणीनं तिच्याकडून पुन्हा साडी घेतली नाही, आणि ओळखीच्या कोणाला नावही सुचवलं नाही.

म्हणून जागेगणिक विचारायचं. इन्स्टाग्रामचं पान, वेबसाइट, पैसे भरून केलेली जाहिरात आणि छापील फ्लेक्स किंवा पत्रक, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीचं हो म्हणजे चौथीचं हो नाही.

परवानगीचा मेसेज

मग विचारायचं कसं? ताईंचा मेसेज मी पूर्ण वाचून दाखवते. हवा तर जसाच्या तसा घ्या.

"नमस्कार काकू. सोमवारी पाठवलेला जांभळ्या इरकलीतला फोटो फार छान आलाय. हा एक फोटो आमच्या इन्स्टाग्राम पानावर आणि वेबसाइटवर या साडीशेजारी लावू का? दोन वर्षं ठेवू. फ्लेक्स किंवा जाहिरातीत वापरणार नाही, वापरायचा झाला तर पुन्हा विचारू. तुमचं नाव लिहू, की फक्त गावाचं? फोटो चौकोनी कापू, रंग बदलणार नाही. फोटो कोणी काढला आणि त्यांची हरकत नाही ना, तेही कळवा. नको असेल तर नुसतं 'नको' म्हणा, काही वाटणार नाही. नंतर कधीही काढा म्हणालात तर दोन दिवसांत काढू."

यात दोन वर्षं का लिहिली? इथे कायद्यातली एक गंमत आहे. कॉपीराइट कायद्यात परवाना लेखी हवा असं म्हटलंय. आणि त्यात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे "तिनं एकदा हो म्हटलंय, आता कायमचा आपला" हा समज मुळातच चुकीचा. न लिहिता पाच वर्षं धरण्यापेक्षा लिहून दोन वर्षं घेतलेली बरी, कारण दोन्ही बाजूंना कळतं आपण काय ठरवलं. परदेशातल्या गिऱ्हाइकांना दाखवायची जाहिरात करणार असाल तर तेही लिहा. लेखी म्हणजे स्टँप पेपर लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मजकूर लेखी म्हणून चालतो, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरचं नीट उत्तर घरगुती व्यवसायाला पुरतं. मोठी जाहिरात किंवा पैशांचा व्यवहार असेल तर मात्र वकिलाकडून कागद करून घ्या.

उत्तर अंगठ्याच्या चित्रात आलं तर? अंगठा कशाला, फोटोला की नाव लिहायला? अशा वेळी ताई एक ओळ परत टाकतात, "म्हणजे फोटो लावते आणि फक्त गाव लिहिते, बरोबर ना?" त्यावर "हो" आलं की पक्कं. उत्तरच आलं नाही तर ते "नको" धरायचं. बिलामागं बारीक अक्षरात "आपले फोटो आम्ही वापरू शकतो" असं छापून ठेवण्याचा एक प्रकार दिसतो. तो कोणी वाचत नाही, आणि ज्या दिवशी कोणी चिडेल त्या दिवशी तो तुमच्या कामाचा नाही.

नोंद कुठे ठेवायची?

परवानगी चॅटमध्ये असते आणि चॅट हरवतं. फोन बदलतो. आणि कितीतरी जणींच्या चॅटवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असते, चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवस. तिचं "हो" नव्वद दिवसांनी गेलं, फोटो मात्र तुमच्या पानावर आहे. म्हणून उत्तर आलं त्याच दिवशी, प्रश्न आणि उत्तर दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या, त्यावर तारीख दिसू द्या, आणि तो मूळ फोटोसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

सोबत एक तक्ता. प्रत्येक फोटोला एक ओळ : कोणाचा, कोणी काढला, कुठे वापरायचा, नाव की गाव, मुदत कधी संपते, आणि आत्ता कुठे कुठे लावलाय. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. उद्या काकूंचा मेसेज आला, "फोटो काढून टाका", तर तुम्ही इन्स्टाग्रामवरून काढाल. वेबसाइटवरून? सगळ्यांना पाठवलेल्या पीडीएफ कॅटलॉगमधून? तो रकाना असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. कारण विचारू नका. "काढला काकू" एवढंच उत्तर पुरे. पीडीएफसारखं एकदा बाहेर गेलेलं परत आणता येत नाही, म्हणून तिथे वापरणार असाल तर ते आधीच सांगा.

सूट द्यायची का?

"फोटो पाठवा, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट." मोह होतो, पण दोन अडचणी आहेत. एक, सुटीसाठी कसलेही फोटो येतात, न नेसलेल्या साडीचेसुद्धा. दुसरी जरा गंभीर. तुम्ही सूट दिलीत आणि तिनं स्वतःच्या खात्यावर तुमचं कौतुक टाकलं, तर ते निव्वळ गिऱ्हाइकाचं मत राहत नाही. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेनं २०२१ मध्ये नियम केले, आणि ग्राहक व्यवहार खात्यानंही २०२३ मध्ये मार्गदर्शन दिलं. पैसे, सूट किंवा फुकट वस्तू घेऊन कोणी शिफारस करत असेल तर ते बघणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे. म्हणून काही द्यायचंच असेल तर तसं उघड लिहायला सांगा. ताई सूट देत नाहीत. फोटो लावला की काकूंना त्याची लिंक पाठवतात आणि पुढच्या पार्सलमध्ये हातानं लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी टाकतात.

आता हिशेब बघा. पंचवीस साड्या, चौदा तारखा, पाच फोटो. त्यातला साखरपुड्याचा बाजूला ठेवला, त्याऐवजी मोबाइलवरचा आला. जाऊ आणि मुलांचा फोटो साडीपुरता कापता आला नाही, तो सोडला. सेल्फीवाली म्हणाली, "मला नको बाई." म्हणजे उरले तीन. तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप आणि फक्त तीन? पण या तिन्ही फोटोंपैकी एकही उद्या रातोरात काढावा लागणार नाही. आणि जी "नको" म्हणाली, तिनं दिवाळीला दुसरी साडी घेतली तर आश्चर्य वाटू देऊ नका. तिचं नको तुम्ही ऐकलंत, हे तिच्या लक्षात राहतं.

तुमच्याकडे साडी नसेल, लाडू असतील, कुंड्या असतील, पर्स असतील. घडी मोडण्याचा क्षण प्रत्येक वस्तूला असतो. लाडवाचा डबा उघडण्याचा असतो, रोपाला पहिलं फूल येण्याचा असतो. तुमचा कोणता, ते मला कळवा, आणि परवानगीचा मेसेज तुम्ही कसा लिहिलात तेही पाठवा. निवडक मेसेज पुढच्या भागात वाचून दाखवीन. अर्थात, तुम्हाला विचारूनच.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.